गाण्याची ओळ आणि अर्थाचे वाक्य

पसायदानावर व्याख्यान देण्यासाठी ओळीओळीचे विवेचन लिहायला बसणारा माणूस गाण्याची ओळ चांगली ओळखतो, कारण ती त्याच्या कानांत लहानपणापासून बसलेली असते. घोळ होतो तो तीच ओळ अर्थाचे वाक्य आहे असे गृहीत धरल्यामुळे. शब्दार्थ आणि भावार्थ यांतील फरकावर पुष्कळ खल होतो, पण तो मला दुय्यम वाटतो, कारण वाक्य चुकीच्या जागी तोडले की दोन्ही अर्थ चुकतात.

गाण्याची ओळ यमकाने आणि चालीने ठरते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड चरण यमकाविना येतो, त्यामुळे तिसऱ्या चरणाशी कानाला काहीतरी पुरे झाल्यासारखे वाटते. अर्थाचे वाक्य मात्र क्रियापदाने पुरे होते. ‘भूतां परस्परे पडो’ या चरणाचा एकट्याचा अर्थ सांगायला जावे तर प्राणिमात्र एकमेकांवर पडावेत असे काहीतरी भलतेच निघेल, कारण ‘पडो’चा कर्ता ‘मैत्र जीवाचे’ पुढच्या चरणात बसलेला आहे. ही चूक सहसा कोणी करत नाही, कारण येथे वाक्य निदान त्याच ओवीत संपते.

खरी फसगत पाचव्या ओवीशी होते. ‘चला कल्पतरूंचे आरव, चेतनाचिंतामणीचे गाव, बोलते जे अर्णव पीयूषांचे’ या ओवीचे विवेचन करताना अनेक वक्ते ‘चला’ म्हणजे ‘या, आपण जाऊ’ असे आवाहन समजतात आणि श्रोत्यांना कल्पतरूंच्या बागेत घेऊन जातात. हे ऐकून मला आता राग येतो, कारण तपासून पाहण्याची सोय त्याच ओवीत आहे. दुसऱ्या ओवीतले सांडो, वाढो, पडो किंवा चौथीतले ‘भेटतु’ यांसारखे मागणे व्यक्त करणारे क्रियापद येथे शोधावे, तर ते सापडत नाही. ‘बोलते’ हेसुद्धा अर्णवाचे, म्हणजे सागराचे, विशेषण आहे. शिवाय ‘जे’ आला आहे आणि त्याचा ‘ते’ कुठे दिसत नाही. तो सापडतो पुढच्या ओवीत: ‘चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन, ते सर्वांही सदा सज्जन, सोयरे होतु.’ दोन ओव्या पसरलेले हे वाक्य ‘होतु’पाशी येऊन थांबते, आणि चौथ्या ओवीत ज्या ईश्वरनिष्ठांच्या मांदियाळीची भेट मागितली, तिचेच हे वर्णन आहे.

वाक्य असे सलग धरले की ओळीओळीने न दिसणारी एक गोष्ट दिसू लागते. झाड जागचे हलत नाही, म्हणून हे कल्पतरू ‘चल’, म्हणजे चालते. चिंतामणी हा निर्जीव खडा, म्हणून येथे तो चेतन. सागराला वाचा नाही, म्हणून हे अमृताचे सागर बोलते. चंद्रावर डाग असतो, म्हणून हे चंद्र डागाविना. आणि सूर्य भाजून काढतो, म्हणून हे सूर्य तापाविना. पाचही उपमानांतले उणेपण ज्ञानेश्वरांनी आधी काढून टाकले आणि मगच ती सज्जनांना लावली. ‘चला’ला आवाहन मानले तर पाचांपैकी पहिलाच दुवा तुटतो. माझ्या मते सबंध व्याख्यानात सर्वांत जास्त वेळ द्यावा असा हाच भाग आहे.

त्याआधीच्या ‘वर्षत सकळ मंगळी’चेही असेच होते. सर्वत्र मंगलाचा पाऊस पडो, असे वेगळे मागणे त्यातून काढले जाते. पण मूळ शब्द ‘वर्षो’ नसून ‘वर्षत’ आहे, म्हणजे मंगलाचा वर्षाव करीत येणारी ती मांदियाळी.

म्हणून विवेचन लिहिताना गायनातले विराम काही वेळ बाजूला ठेवावेत, नऊही ओव्या गद्यासारख्या सलग लिहून काढाव्यात, मागणे सांगणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी आणि प्रत्येक ‘जे’ला त्याचा ‘ते’ जोडून घ्यावा. जेथे वाक्य संपते तेथेच आपला परिच्छेद संपवावा. व्याख्यानात पाचवी आणि सहावी ओवी एका दमात म्हणावी, लगेच साध्या मराठीत पूर्ण वाक्य सांगावे, आणि त्यानंतरच एकेका चरणाकडे वळावे. सामान्य श्रोत्याला आधी वाक्याचा शेवट कळलेला नसेल, तर पाच उपमा ऐकेपर्यंत त्या कोणाला दिल्या आहेत हेच तो विसरतो.

सगळीकडे इतकी खबरदारी लागत नाही. ‘दुरितांचे तिमिर जावो’ किंवा ‘विश्व स्वधर्मसूर्ये पाहो’ येथे ओळ आणि वाक्य एकच आहेत, तेथे खुशाल ओळीओळीने जावे.