दुकानाचा एकपानी डॅशबोर्ड

लहान दुकानाच्या मालकाला रोज लागणारे मोजके आकडे एकाच पानावर, स्क्रोल न करता दिसतील अशी मांडणी. माहितीच्या दृश्य मांडणीचे तज्ज्ञ स्टीफन फ्यू यांनी 2004 मध्ये केलेल्या डॅशबोर्डच्या व्याख्येतही सगळी माहिती एकाच पडद्यावर मावण्याची आणि एका नजरेत कळण्याची अट आहे. किराणा दुकानात हे पान बहुधा मोबाइलवर, गिऱ्हाईक समोर उभे असताना पाहिले जाते, त्यामुळे चारपेक्षा जास्त आकडे सहसा वाचले जात नाहीत.

आकडा निवडताना एकच प्रश्न विचारावा: हा बदलला तर मालक उद्या काय वेगळे करेल? उत्तर नसेल तर आकडा वगळावा. या कसोटीवर कालची विक्री, हाती आलेले पैसे, थकलेली उधारी आणि संपत आलेला माल एवढेच बहुधा उरते.

विक्रीची तुलना आदल्या दिवसाशी करू नये. आठवडी बाजाराच्या दिवशी विक्री वाढते आणि दुसऱ्या दिवशी उतरते, त्यात दुकानाचे काही बिघडलेले नसते. म्हणून मंगळवारची तुलना मागच्या चार मंगळवारांच्या सरासरीशी करावी. दिवाळीची तुलनाही मागच्या वर्षीच्या त्याच तारखेशी न करता मागच्या वर्षीच्या दिवाळीशीच करावी.

एक काल्पनिक मंगळवार घेऊ. विक्री 18,400 रुपये, नेहमीची सरासरी 17,200. आकडा छान दिसतो. पण त्यात रोख 7,900, यूपीआय 6,800 आणि उधारी 3,700 आहे. एरवी मंगळवारी उधारी 1,500 असते. म्हणजे विक्री 1,200 ने वाढली, तरी त्या विक्रीतून हाती आलेले पैसे 15,700 वरून 14,700 वर घसरले. विक्रीचा एकटा आकडा हे लपवतो, म्हणून ‘हाती आले’ हा आकडा त्याच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवा.

जुन्या उधारीची वसुली मात्र विक्रीत धरू नये. माल दिला त्या दिवशी ती विक्री मोजून झालेली असते. वसुली वेगळी लिहिली की गल्ला जुळतो:

```
सकाळचा गल्ला + रोख विक्री + रोख वसुली − गल्ल्यातून दिलेले = रात्रीचा गल्ला
```

रोज तफावत येत असेल तर पानावरच्या इतर आकड्यांवरही विसंबू नये. नोंदीच सुटत आहेत, हे आधी दुरुस्त करावे.

मालासाठी पूर्ण यादी नको, फक्त पुढची गाडी येण्याआधी संपणारे जिन्नस दाखवावेत. तूरडाळ 24 किलो शिल्लक आहे, रोज 6 किलो जाते आणि ठोक व्यापाऱ्याची गाडी सहा दिवसांनी येणार आहे. डाळ चार दिवसच पुरेल, म्हणून ती ओळ लाल. लाल रंग पानावर इतरत्र वापरू नये. रोजचा खप काढताना डाळ संपलेली होती ते दिवस सरासरीतून वगळावे लागतात. तसे न केल्यास शून्य विक्रीमुळे खप कमी दिसतो, मागणी कमी नोंदवली जाते आणि डाळ पुन्हा संपते.