भाड्याची निव्वळ कमाई आणि मालकाला पाठवलेली रक्कम: मासिक अहवालातले दोन आकडे

मालमत्ता सांभाळणाऱ्याकडून महिन्याचा अहवाल आला की बहुतेक मालक आपल्या खात्यात किती जमा झाले तेवढे पाहतात आणि तीच महिन्याची कमाई धरतात. अहवालात कमाई वेगळी असते आणि पाठवलेली रक्कम वेगळी. हे दोन आकडे एकच समजले की चांगला महिना वाईट दिसतो, नाहीतर वाईट महिना चांगला.

चार फ्लॅटची एक इमारत घ्या. प्रत्येकाचे भाडे 10,000, म्हणजे पूर्ण भाडे 40,000. तिसरा फ्लॅट तीस दिवसांपैकी 12 दिवस रिकामा राहिला, म्हणून 4,000 बुडाले. चौथ्याने भाडे दिलेच नाही, 10,000 थकले. या महिन्याचे वसूल भाडे 26,000. बुडालेले आणि थकलेले अहवालात स्वतंत्र ओळींत हवेत, कारण थकबाकी पुढे वसूल होऊ शकते, रिकामे दिवस परत येत नाहीत. शिवाय रिकामे दिवस खर्चाच्या यादीत कुठेच सापडत नाहीत.

खर्च असा: व्यवस्थापकाचे शुल्क वसुलीच्या दहा टक्के, 2,600, साफसफाई 1,400, रिकाम्या फ्लॅटची रंगरंगोटी 4,000. एकूण 8,000. निव्वळ कमाई 18,000.

मालकाला मात्र 13,000 च पाठवले. पुढच्या महिन्यात पाण्याचा पंप बदलायचा आहे, अंदाज 15,000. त्यासाठी 5,000 राखून ठेवले. ही राखीव रक्कम अजून मालकाचीच आहे, ती खर्च नव्हे. इथेच सर्वात जास्त घोळ होतो: राखून ठेवताना एकदा खर्च दाखवला जातो आणि पंप बसला की पुन्हा पूर्ण 15,000. तेच 5,000 दोनदा वजा होतात. बरोबर नोंद अशी की पंप बसेल त्या महिन्यात खर्च 15,000 दाखवायचा, आणि त्या महिन्याच्या भाड्यातून फक्त 10,000 काढायचे, कारण उरलेले 5,000 राखीवमधून येतात.

उलट बाजूची चूक डिपॉझिटची. तिसऱ्या फ्लॅटच्या नव्या भाडेकरूने 20,000 डिपॉझिट दिले आणि दुसऱ्याने पुढच्या महिन्याचे 10,000 आगाऊ भरले. खात्यात एकूण 56,000 आले, म्हणून तेवढे उत्पन्न लिहिले तर कमाई 30,000 ने फुगते. डिपॉझिट तर भाडेकरूला परत द्यायचे देणे आहे.

आकडे जुळतात का, हे एका वजाबाकीत कळते. महिन्याच्या सुरुवातीला खाते रिकामे होते असे धरा. आलेल्या 56,000 मधून खर्च 8,000 आणि पाठवलेले 13,000 गेले की 35,000 उरायला हवेत: डिपॉझिट 20,000, आगाऊ भाडे 10,000, राखीव 5,000. बँकेतली शिल्लक याहून कमी असेल, तर कुणाचे डिपॉझिट दुरुस्तीला वापरले गेले आहे का, हे व्यवस्थापकाला आधी विचारा.