उकिरड्यापासून सिंकखालच्या बादलीपर्यंत

जुन्या नाशकातल्या वाड्यांत चुलीजवळ कचऱ्याचं भांडं नसायचं. देठं, सालं, कोयी मागच्या दाराने परसात जायच्या. त्यातलं बरंचसं गाईम्हशींपुढे पडायचं, उरलेलं उकिरड्यावर. त्यामागे आरोग्याचा विचार कमी आणि उष्ट्याखरकट्याचा विटाळ जास्त होता. त्याच विटाळापायी ते उचलण्याचं काम कुणाच्या माथी मारलं गेलं, हेही विसरायला नको. पण एक गोष्ट आपोआप साधत होती: चिरणं-शिजवणं एकीकडे, कुजणं दुसरीकडे. शिवाय उकिरड्यावर चुलीतली राख आणि झाडलोटीचा पाचोळाही पडत असे, त्यामुळे ओलं फार काळ ओलं राहत नसे.

1982 मध्ये महापालिका झाली. पुढे सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड असं शहर पसरत गेलं आणि परस संपलं. उभ्याने स्वयंपाकाचा ओटा आला, ओट्यातच सिंक आलं आणि सिंकखालच्या मोकळ्या खणात बादली जाऊन बसली. विळी गेली, चॉपिंग बोर्ड आला, आणि कचरा त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन ठेपला.

नव्वदच्या दशकात नाशकात घंटागाडी सुरू झाली. तोवर कोपऱ्यावरच्या कुंडीत केव्हाही पिशवी टाकून येता येई, आता घंटा वाजेपर्यंत कचरा घरातच थांबू लागला. सकाळी गाडी चुकली की आणखी एक दिवस. पुढे 2000 च्या आणि मग 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करायला सांगितलं. ते योग्यच होतं, कारण मिसळलेल्या कचऱ्याचं खत धड होत नाही. मात्र कागद, पुठ्ठा, केर बाजूला काढल्यावर ओल्या बादलीत पाणी शोषणारं काहीच उरलं नाही. उकिरड्यावर जे राख करायची, ते करायला आता कुणी नव्हतं.

इथे चिलटांचं फावलं. (शेतकरी ज्याला फळमाशी म्हणतो ती वेगळी, ती पेरू-आंब्याला डंख मारते.) घरातलं चिलट म्हणजे ड्रोसोफिला. त्याला सडकं नव्हे, आंबलेलं हवं असतं. सालींवर यीस्ट वाढलं, आंबूस वास सुटला की मादी तिथे अंडी घालते. 25 अंश तापमानाला अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला साधारण दहा दिवस लागतात. शंभर वर्षांपूर्वी मॉर्गन यांनी आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी हाच कीटक निवडला, त्याचं एक कारण ही घाई.

आमच्याच घरचं उदाहरण घ्या. फेब्रुवारीत द्राक्षं आणली. पेटीच्या तळाशी दोन-चार मणी तडकलेले होते. बादली रोज रिकामी व्हायची, तरी आठवड्याभराने ओट्यावर चिलटं घोंघावू लागली. मोरीतून येतात असं वाटून सिंकच्या जाळीवर रात्री चिकटपट्टी लावली, चिकट बाजू खाली करून आणि हवेला थोडी जागा ठेवून. तीन-चार रात्री काहीच अडकलं नाही. मग बादलीची कड पाहिली. झाकण बसतं त्या खाचेत रसाचा चिकट थर आणि त्यात तांदळाच्या कणीहून बारीक, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आम्ही पोट रिकामं करत होतो, कड कधी धूतच नव्हतो. बादली आणि झाकण ब्रशने घासून उन्हात वाळवलं, तळाला वर्तमानपत्राच्या दोन घड्या घातल्या. वाटीत व्हिनेगर आणि भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून ठेवला. त्यात उडती चिलटं बुडतात, पण अळ्यांचं काही होत नाही, म्हणून वाटीवर भिस्त ठेवली नाही. आधी घातलेल्या अंड्यांतली चिलटं पुढचा आठवडाभर निघतच राहिली. तेवढा धीर धरावा लागतो.

बाल्कनीतली खताची बादली हे याच गोष्टीचं पुढचं पान. मोठा ढीग आतून तापतो आणि त्या उष्णतेत अळ्या मरतात. वीस लिटरच्या बादलीत तेवढी ऊब टिकत नाही, त्यामुळे बचाव कोरड्या थरावरच असतो. ओल्याच्या साधारण दुप्पट आकारमानाचा सुका पाचोळा किंवा कोकोपीट घालायचं आणि वरचा थर नेहमी कोरडाच राहू द्यायचा. मातकट वास आला तर ठीक. आंबूस आला तर सुकं कमी पडलंय.

चिलट नुसतं डोळ्यासमोर नाचत नाही. पायाला लागलेले जंतू ते कापलेल्या फळापर्यंत नेऊ शकतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून आमच्याकडे सालांसाठी आता झाकणाचा छोटा डबा आहे. चिरताना तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असतो, चिरून झालं की बाल्कनीत जातो. सिंकखालच्या खणात कांदे-बटाटेही ठेवत नाही. एखादा बटाटा मागे सडला की बादली कितीही घासा, चिलटं तिथूनच येत राहतात.