ट्रान्सफरनंतरचे बारा दिवस : आमच्या आयव्हीएफ केंद्रातील दांपत्यांसाठी

इंदूर, देवास आणि उज्जैनच्या मराठी दांपत्यांचा आम्हाला सर्वांत जास्त वेळा येणारा फोन गर्भाच्या ट्रान्सफरनंतर सहाव्या-सातव्या दिवशीचा असतो : "घरच्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर एकच रेघ आली, आता औषधे बंद करू का?" कृपया करू नका. कारण समजण्यासाठी आधीचे टप्पे थोडक्यात सांगतो.

स्टिम्युलेशन म्हणजे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण नऊ ते बारा दिवस घ्यायची इंजेक्शने. एरवी महिन्याला एकच बीज पक्व होते, या औषधांनी एकाच वेळी अनेक बीजे वाढतात. सोनोग्राफीत बीजकोश १७-१८ मिलिमीटरचे दिसले की ट्रिगर इंजेक्शन देऊन सुमारे ३६ तासांनी बीजे काढतात. ट्रान्सफर म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला, बहुधा पाच दिवसांचा गर्भ बारीक नळीने गर्भाशयात सोडणे. त्याला सहसा भूल लागत नाही.

गर्भ अस्तरात रुजू लागल्यावरच तो एचसीजी नावाचे संप्रेरक रक्तात सोडू लागतो, आणि लघवीची पट्टी ते साधारण २५ एककांपुढेच दाखवते. म्हणून सहाव्या दिवशीच्या कोऱ्या पट्टीला काही अर्थ नसतो. उलट फसगतही होते : अनेक ट्रिगर इंजेक्शनांत एचसीजीच असते आणि ते शरीरात दहा-चौदा दिवस रेंगाळू शकते, त्यामुळे ताज्या गर्भाच्या ट्रान्सफरनंतर लवकर दिसलेली दुसरी रेघ निव्वळ इंजेक्शनची असू शकते. पेढे वाटून झाल्यावर हे सांगणे आम्हालाही जड जाते.

देवासच्या एका ताईंचे गोठवलेल्या गर्भाचे ट्रान्सफर झाले होते. सातव्या दिवशी पट्टी कोरी आली आणि त्यांनी प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल सोडल्या. औषधांवर तयार केलेल्या अशा चक्रात अस्तर त्या कॅप्सूलवरच टिकते, शरीराचे स्वतःचे प्रोजेस्टेरॉन जवळपास नसते. सुदैवाने त्यांनी त्याच रात्री फोन केला आणि सिस्टरांनी चुकलेला डोस लगेच घ्यायला सांगितला. बाराव्या दिवशी बीटा, म्हणजे रक्तातल्या एचसीजीचा आकडा, ११८ आला, ४८ तासांनी २५१. आणखी दोन दिवस गेले असते तर अस्तर सुटून रक्तस्राव सुरू झाला असता, मग आमच्याही हातात फारसे काही उरले नसते.

आम्ही बारा दिवस थांबवतो, यावर काहींची नाराजी असते. पण लवकर केलेल्या तपासणीचे पैसे आपले जातात आणि शंका मात्र तशीच राहते. बीटा ५ च्या खाली असला तर गर्भ राहिलेला नाही, २५ च्या वर असला तर राहिला आहे असे धरतो, आणि मधल्या आकड्याला ४८ तासांनी पुन्हा तपासतो. एका आकड्यापेक्षा तो कसा वाढतो हे महत्त्वाचे असल्याने दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत द्यावेत. आमच्याकडे दुसऱ्या बीटाचे शुल्क पॅकेजमध्येच धरलेले आहे.

थेंबभर रक्त दिसले तरी औषधे सुरू ठेवून फोन करावा. तो रात्रीही सिस्टरच उचलतात, आणि मराठीतून बोलतात.