बाळाचं नाक चोंदलं की आधी दूध अडतं

दीड महिन्याचं बाळ अंगावर घेतलं, दोन-चार घोट प्यायलं आणि स्तन सोडून रडू लागलं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. घरात लगेच ‘दूध पुरत नसेल’ अशी चर्चा सुरू होते, आणि बिचारी आई विनाकारण खचते. अशा वेळी आधी बाळाचं नाक बघावं. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. त्याचं स्वरयंत्र घशात बरंच वर असतं, त्यामुळे चोखता चोखता श्वासही चालू राहतो. नाकपुडी मात्र इतकी अरुंद असते की थोडासा शेंबूडही तिला पुरतो. मग दूध प्यावं की श्वास घ्यावा, असा पेच बाळापुढे पडतो.

म्हणून नाक मोकळं करायची योग्य वेळ म्हणजे दूध पाजण्याआधीची दहा-पंधरा मिनिटं. पोट भरल्यावर हे केलं तर बाळ ओकू शकतं.

औषधाच्या दुकानातून लहान बाळांसाठीचे सलाईनचे थेंब आणा आणि बाटलीवर फक्त सोडियम क्लोराइड आहे ना, हे वाचून घ्या. झायलोमेटॅझोलिन किंवा ऑक्सिमेटॅझोलिन लिहिलेली बाटली तशीच दिसते, पण ते रक्तवाहिन्या आकसवणारं औषध आहे. एवढ्या लहान बाळाला त्याने गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो.

बाळाला पाठीवर निजवून एकेका नाकपुडीत दोन थेंब टाका. टोक नाकाला लागू देऊ नका. मग मिनिटभर थांबा. घाई इथेच होते, पण सुकलेला शेंबूड सैल व्हायला तेवढा वेळ लागतोच. कधी बाळ शिंकतं आणि काम तिथेच होतं. नाहीतर रबरी फुग्याचा पंप घ्या. फुगा आधी बाहेरच दाबायचा, दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी टेकवायचं आणि बोटं हळूहळू सैल करायची. आत गेल्यावर फुगा दाबला तर शेंबूड उलट आत ढकलला जातो. नंतर पंप साबणाच्या गरम पाण्याने आतूनही धुऊन पूर्ण वाळवा.

दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त ओढू नका. सारखं ओढल्याने आतली त्वचा सुजते, कधी रक्त येतं आणि नाक आणखी चोंदतं. नाक नुसतं घुरघुरत असेल, पण बाळ नीट पीत-झोपत असेल, तर काहीच करायची गरज नाही. मालीश करताना नाकात तेल सोडायची पद्धत मात्र बंदच करावी. ते तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

नाक मोकळं करूनही बाळ पीत नसेल, तर ते शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास साठ किंवा जास्त भरले, छातीखालचा भाग आत ओढला जात असला, ओठ निळसर दिसले किंवा ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर थेंब टाकत बसू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.