मराठी मजकुरात उर्दू शब्द असतील, तर पाठवण्याआधी हे वाचा

मराठी-उर्दू मजकूर जुळणीला पाठवणाऱ्या ग्राहकांची नेहमीची तक्रार असते, "आम्ही नीट टाइप केलं होतं, पाठवताना उलटंसुलटं झालं." मजकूर बहुतेक वेळा शाबूत असतो, गडबड असते ती पडद्यावरच्या मांडणीत. ती न ओळखता मजकूर हाताने "सरळ" केला जातो, आणि खरी चूक तिथे होते.

या पत्रकात उर्दू शब्द मुद्दाम देवनागरीत, चौकोनी कंसात दिले आहेत. उर्दू लिपीत दिले असते, तर तुमच्या फोनवर तेही जागा बदलून दिसण्याची शक्यता होती.

समजा तुम्ही लिहिलंत: "पहिला व दुसरा गट अनुक्रमे: [गुलाब], [शबनम]". फोन अक्षरं टाइप केल्याच्या क्रमानेच साठवतो. दाखवताना मात्र मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून मांडतो. स्वल्पविराम आणि मोकळी जागा यांना स्वतःची दिशा नसते. दोन्ही बाजूंना उर्दू असली की तेही उर्दूच्या दिशेने जातात आणि दोन्ही नावांची मिळून एकच उर्दू ओळ बनते. मग डावीकडून वाचणाऱ्याला आधी [शबनम] दिसतं.

आता ग्राहक काय करतात, तर नावांची अदलाबदल करतात. त्यांच्या पडद्यावर ते बरोबर दिसतं. पण साठवलेला क्रम आता चुकीचा झालेला असतो. आम्ही उर्दू नावं योग्य दिशेच्या स्वतंत्र ओळीत घेतली की दुसरा गट पहिला छापला जातो. साठवलेल्या मजकुरावरून हे ओळखायला आमच्याकडे काहीच मार्ग नसतो, म्हणून कळकळीने सांगतो: उलटं दिसलं तरी हात लावू नका. टाइप केलेलं तसंच पाठवा आणि सोबत एका ओळीत "आधी गुलाब, मग शबनम" असं देवनागरीत लिहा.

आकड्यांचं कोडं याहून नाजूक आहे. "मागणी: [किताब] 250 प्रती" असं टाइप केलं की दिसतं "मागणी: 250 [किताब] प्रती". उर्दू शब्दानंतर आलेला इंग्रजी आकडा त्या शब्दाच्या ओळीत ओढला जातो आणि त्याच्या डावीकडे बसतो. गंमत म्हणजे 250 उचलून शब्दाच्या आधी टाइप केला, तरी पडद्यावर तसंच दिसतं. नुसतं बघून दोन्हींतला फरक कळणार नाही.

फोन नंबरमध्ये हे महागात पडतं. उर्दू नावापुढे 12345-67890 लिहिलं तर 67890-12345 दिसतं, कारण मधली रेघ उर्दूच्या दिशेने जाते आणि दोन्ही तुकडे जागा बदलतात. नंबर सलग, रेघ आणि जागा न सोडता लिहिला तर तुटत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे देवनागरी आकडे. २५० हा आकडा मराठी अक्षरासारखाच डावीकडून उजवीकडे जाणारा मानला जातो, म्हणून तो जागा सोडत नाही.

मेसेजची सुरुवातच उर्दू शब्दाने केली, तर बरीच ॲप्स सगळा परिच्छेद उजवीकडून मांडतात आणि शेवटचा पूर्णविराम डाव्या टोकाला जातो. सुरुवात मराठी शब्दाने करा, किंवा उर्दूला स्वतंत्र ओळ द्या. आम्ही ग्राहकांकडे स्वतंत्र ओळीचाच आग्रह धरतो. काहींना तो हट्ट वाटतो, पण त्यामुळे प्रूफाची एक फेरी वाचते.

एकाच ओळीत ठेवणं भागच असेल, तर U+200E हे न दिसणारं चिन्ह वापरा. ते मराठी अक्षरासारखं वागतं, पण छापलं जात नाही. वर्डमध्ये खालील अक्षरं टाइप करून लगेच Alt+X दाबा:

```
200E
```

वरच्या उदाहरणात ते स्वल्पविरामानंतर घातलं, की स्वल्पविराम मराठीच्या दिशेने राहतो आणि [गुलाब] डावीकडे येतं. आकड्यासाठी ते उर्दू शब्द आणि आकडा यांच्या मध्ये घाला. फोनच्या कीबोर्डवर हे चिन्ह सहसा सापडत नाही. आमच्याकडे मागा, कॉपी करता येईल अशा मेसेजमध्ये पाठवून देऊ.

उर्दू अक्षरं सुटी-सुटी, न जोडता दिसत असतील तर ते दुखणं वेगळं. तिथे सॉफ्टवेअरलाच उर्दू अक्षरं जोडून मांडता येत नाहीत, आणि वरचा कोणताही उपाय चालत नाही. अशी फाइल पाठवू नका, मूळ मजकूर द्या.

फक्त स्क्रीनशॉट आम्ही घेत नाही. त्यात साठवलेला क्रम नसतो, आणि पुन्हा टाइप करताना नुक्ते चुकतात. मजकूर आणि स्क्रीनशॉट दोन्ही पाठवा. उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून तपासून मगच आम्ही प्रूफ देतो. त्या प्रूफवर नावांचा क्रम आणि फोन नंबर तुम्ही स्वतः बोट ठेवून वाचा, आणि मगच होकार कळवा.