आफ्रिकन की क्लासिकल? डुकरांचे दोन ताप आणि एक पाणथरी

डुक्कर खायचं थांबतं, एका कोपऱ्यात पडून राहतं, ताप ४१ अंशांच्या आसपास जातो. कानांची टोकं, पोट आणि मांड्यांची आतली बाजू आधी लाल होते, मग जांभळट पडते. काही डुकरांच्या नाकातून किंवा गुदद्वारातून रक्त येतं. या वर्णनावर कुणी ‘हा आफ्रिकन स्वाइन फीवरच’ असं ठामपणे सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. क्लासिकल स्वाइन फीवरचं वर्णनही शब्दशः हेच करता येतं. दोन्ही आजार रक्तवाहिन्यांवर आघात करतात. कातडीवर दिसते ती त्याचीच खूण, त्यामुळे नुसत्या लालीवरून दोघांत फरक करता येत नाही.

नावं जवळची असली तरी विषाणूंचं एकमेकांशी काही नातं नाही. क्लासिकलचा विषाणू लहान, आरएनएवाला आणि गुरांच्या विषाणूजन्य हगवणीच्या विषाणूचा भाऊबंद. आफ्रिकनचा विषाणू मोठा, डीएनएवाला आणि आपल्या कुळात एकटाच. तो मूळचा आफ्रिकेतल्या रानडुकरांच्या जातींमधला आणि त्यांच्या बिळांतल्या मऊ गोचिडांमधला. केनियात पाळीव डुकरांमध्ये दिसलेल्या या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन १९२१ साली छापून आलं. २००७ मध्ये तो जॉर्जियात शिरला, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ईशान्य भारतात. माणसाला मात्र यांपैकी एकही आजार होत नाही.

पशुपालकाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक लशीचा. क्लासिकलवर कित्येक दशकं वापरात असलेली चांगली जिवंत लस आहे. आफ्रिकनवर जगभर विश्वासाने वापरता येईल अशी लस अजून नाही. व्हिएतनामने २०२२ पासून दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूच्या लशींना मान्यता दिली आहे, पण लशीतला विषाणूच कळपात पसरेल किंवा पुन्हा जोर धरेल, ही धास्ती अशा लशींबाबत राहतेच. अडचण विषाणूच्या स्वभावात आहे. तो रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच वाढतो, आणि त्याच्याविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडं त्याला नीट निष्प्रभ करू शकत नाहीत. मारलेल्या विषाणूची लस देऊन पाहिली, तर तिने संरक्षण मिळालं नाही.

आता एक कल्पित गोठा घ्या. ४० डुकरं, सगळ्यांना क्लासिकलची लस दिलेली. सोमवारी एक गाभण मादी तापली आणि बुधवारी मेली. तिच्या शेजारच्या दोघी गुरुवारपर्यंत व्यवस्थित खात होत्या. इथे बहुतेकांची फसगत होते. ‘साथ असती तर एव्हाना सगळीच आडवी झाली असती’ असं वाटतं, आणि उरलेली डुकरं भाव आहे तोवर विकायचा विचार सुरू होतो. पण आफ्रिकन फीवर कळपात अनेकदा असाच संथपणे शिरतो. तो जीव घेण्यात पटाईत, पण पसरायला त्याला बहुधा जवळचा संपर्क लागतो, विशेषतः रक्ताचा. शनिवारी शेजारची एक तापते, सोमवारी पलीकडच्या खणातली तीन. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ४ ते १९ दिवस लागू शकतात. म्हणजे गुरुवारी विकलेलं धडधाकट डुक्कर आजार घेऊनच बाहेर पडलेलं असू शकतं.

या गोठ्यात दोन गोष्टी आफ्रिकनकडे बोट दाखवतात. एक लसीकरण, दुसरी मेलेल्यांची वयं. क्लासिकलमध्ये पिल्लं जास्त मरतात, मोठी जनावरं पुष्कळदा सौम्य आजारावर निभावतात, आजार आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. आफ्रिकनचा तीव्र प्रकार वय पाहत नाही, मोठ्या माद्याही पटापट जातात. तरी हा पुरावा नव्हे, नुसता संशय. शीतसाखळी तुटली असेल किंवा पिल्लांना आईकडून मिळालेली प्रतिपिंडं असतानाच लस टोचली असेल, तर ती वाया गेलेली असते.

खरी खूण पोटात असते. निरोगी पाणथरी लांबट, पट्टीसारखी असते. तीव्र आफ्रिकनमध्ये ती अनेकदा कित्येक पट फुगते, काळपट होते आणि बोटांनी दाबली की फुटते. जठर आणि मूत्रपिंडांजवळच्या लसग्रंथी रक्ताच्या गाठींसारख्या दिसतात. क्लासिकलमध्ये पाणथरी साधारण नेहमीच्याच आकाराची, फक्त तिच्या कडेला गडद, उंचावलेले डाग. जुनाट क्लासिकलमध्ये मोठ्या आतड्यात बटणाच्या आकाराचे व्रण सापडतात. ही माहिती वाचून मेलेलं जनावर गोठ्यातच फाडायचा मोह होईल. तो आवरा. आफ्रिकनच्या रक्तात विषाणू ठासून भरलेला असतो, आणि जमिनीवर सांडलेलं रक्त हाच त्याचा पुढचा रस्ता. कुठे फाडायचं, की नुसता नमुना घ्यायचा, ते पशुवैद्याला ठरवू द्या.

नमुना मेलेल्यापेक्षा तापलेल्या जनावराचा चांगला. ईडीटीए असलेल्या नळीत रक्त, बर्फाच्या पेटीतून, पीसीआरसाठी. प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबू नका. आफ्रिकनमध्ये प्रतिपिंडं तयार व्हायच्या आत डुक्कर बहुधा मरतं, म्हणून त्या चाचणीचा ‘नकारार्थी’ निकाल इथे फार काही सांगत नाही.

निकाल येईपर्यंत दोन्ही आजारांसाठी करायचं ते सारखंच: एकही डुक्कर, मांस, खत किंवा गाडी बाहेर जाऊ द्यायची नाही. निकालानंतर वाटा फुटतात. क्लासिकल निघाला तर आजूबाजूच्या कळपांत लसीकरण करून वेढा घालायची सोय असते. आफ्रिकन निघाला तर तो कळप मारणं आणि पुढच्यांसाठी दारं बंद करणं, एवढंच हातात उरतं.

माझ्या मते त्या दारांपैकी दोनच खरी धोक्याची. पहिलं खरकटं. डुकराच्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो, गोठवलेल्या मांसात त्याहून जास्त. १९५७ मध्ये लिस्बनजवळ आजार पोहोचला तो विमानातल्या उरल्यासुरल्या अन्नातून, असं मानलं जातं. शिजवलेलं खरकटं चालेल का, हा प्रश्न नेहमी येतो. प्रमाण मानली गेलेली पद्धत आहे सतत ढवळत किमान ६० मिनिटं ९० अंश सेल्सियस. कुणीतरी एक उकळी आणून चूल बंद करतो, ते यात बसत नाही. बंद करणं सोपं.

दुसरं दार बूट आणि गाड्या. दारातल्या जंतुनाशकाच्या पेटीत चिखलाचा बूट बुडवणं हा निव्वळ देखावा आहे. शेणामातीखाली औषध पोहोचतच नाही. आधी ब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासायचं, धुवायचं, मग जंतुनाशक, आणि तेही त्याला लागणारा पूर्ण वेळ देऊन. सोडियम हायपोक्लोराइट असेल तर अर्धा तास. दोन सेकंद बुडवलेल्या बुटाला तो वेळ कुठून मिळणार? गोठ्यातच ठेवलेले वेगळे बूट वापरणं जास्त भरवशाचं, आणि व्यापाऱ्याची गाडी कुंपणाबाहेरच थांबवून डुकरं तिथपर्यंत नेणं.

कळप मारून गोठा स्वच्छ केल्यानंतर घाईने भरायचा नाही. साधारण सल्ला किमान ४० दिवस रिकामा ठेवण्याचा आहे. त्यानंतर आधी थोडीच डुकरं सोडतात, ती गोठ्याच्या सगळ्या खणांत फिरू देतात, रोज ताप मोजतात आणि काही आठवड्यांनी रक्त तपासतात. ती निरोगी राहिली आणि रक्तही निर्दोष निघालं, तरच उरलेला कळप आणतात.